भावाच्या ईसॉप पत्राचा एक पानी सारांश केलाय, चुका दाखवाल का?

मलप्रभाकाठ · रविवार, 1 जून 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते. माझा धाकटा भाऊ 3 फेब्रुवारीला बंगळूरच्या एका स्टार्टअपमध्ये लागला. गेल्या महिन्यात त्याला 12 मे तारखेचं ग्रँट लेटर मिळालं, 2,400 ऑप्शनचं. पत्र चार पानी, सोबत सव्वीस पानांची ईसॉप योजना, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअरचे ऑप्शन द्यायची योजना. त्याने पहिलं पान वाचलं आणि घरी फोन केला, "मला कंपनीचे 2,400 शेअर मिळाले."

बाबा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. शेअर म्हटलं की त्यांना सोसायटीचा शेअर आठवतो. त्यांनी मला विचारलं, "सोसायटी सोडली की शेअरचे पैसे परत देतात, तसं इथे देतात का गं?" मला उत्तर देता आलं नाही. तिकडे भावाने हिशेब मांडलाय की गुंतवणूकदारांनी परवा 900 रुपयांनी शेअर घेतले, म्हणजे आपले 21 लाख 60 हजार झाले. त्या भरवशावर तो मच्छेच्या बाजूला एका प्लॉटचा संचकार करायला निघालाय. म्हणून आज दिवसभर बसून मी बाबांना आणि त्यालाही वाचता येईल असा सारांश केला. पत्र इंग्रजीत आहे, मी अर्थ लिहिलाय.

व्हेस्टिंग: एकूण चार वर्षं. एक वर्ष झालं की 600 शेअर, पुढे दर महिन्याला 50 असे 36 महिने. 3 फेब्रुवारी 2026 ला पहिले 600 शेअर त्याचे होतील.

किंमत: शेअरला 120 रुपये.

नोकरी सोडली तर: व्हेस्ट झालेले शेअर त्याचे, राहिलेले रद्द. सोडल्यापासून 90 दिवसांत अर्ज करायचा.

एवढं पुरेसं आहे का? काही चुकलंय का?

चिकोडीचा बाळासाहेब · 1 जून, रात्री 10.15

ताई, भावाला ऑप्शनच्या नादाला लावू नका. आमच्या मेहुण्यानं ऊसबिलाचे पैसे बँक निफ्टीच्या ऑप्शनात घातले, एका आठवड्यात शून्य झाले. 120 ही स्ट्राइक प्राइस काय? आणि एक्सपायरी कुठल्या महिन्याची हाय? बघून सांगा, अजून विकून बाहेर पडता येत असंल तर पडू दे त्याला.

मलप्रभाकाठ · 1 जून, रात्री 10.30

बाळासाहेब, हे बाजारातले ऑप्शन नव्हेत. कंपनीनेच कामगाराला दिलेत, त्याने अजून एक रुपयाही घातलेला नाही. कुणाला विकता येत नाहीत असंही पत्रात स्पष्ट लिहिलंय.

टिळकवाडी 74 · 2 जून, सकाळी 7.05

मी बँकेतून निवृत्त झालोय. तुमचा सारांश चांगला आहे, फक्त कराची ओळ राहिली. ज्या दिवशी शेअर व्हेस्ट होतात त्या दिवशी ते पगारात धरतात आणि कर कापतात. माझी मुलगी अमेरिकन कंपनीत आहे, तिला दर तीन महिन्यांनी असंच होतं, काही शेअर करापोटी कापून उरलेले खात्यात येतात. तेव्हा फेब्रुवारी 2026 मध्ये 600 शेअरवर कर येईल हे भावाला सांगून ठेवा. पण स्टार्टअप असेल तर सरकारने हा कर पाच वर्षं पुढे ढकलायची सवलत दिली आहे. त्यामुळे काळजीचं कारण नाही.

वेदगंगा · 2 जून, दुपारी 1.20

मी मूळची निपाणीची, पुण्यात कंपनी सेक्रेटरी आहे. अशी पत्रं तयार करणं आणि लोक सोडून जाताना त्यांचे अर्ज तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, आकडे तुम्ही बरोबर उतरवलेत. 600 आणि 36 वेळा 50 मिळून 2,400 होतात. पण एक शब्द सगळीकडे चुकलाय, 'शेअर'. भावाला अजून एकही शेअर मिळालेला नाही आणि पहिलं वर्ष संपल्यावरही आपोआप मिळणार नाही. बाबांना सोसायटीच्या शेअरपेक्षा संचकारपत्राचं उदाहरण द्या. संचकारात गुंठ्याचा भाव आज ठरतो, मुदत ठरते, आणि मुदतीत बाकी रक्कम भरून खरेदीपत्र केलं तर जमीन आपली होते. तोवर ती मालकाचीच असते. भावाकडे आहे तो 120 रुपये भावाने शेअर खरेदी करण्याचा हक्क. व्हेस्ट होणं म्हणजे तो हक्क पक्का होणं. पैसे भरून शेअर घेणं ही त्यानंतरची वेगळी पायरी, ती त्याने स्वतः अर्ज करून करायची. फरक इतकाच की संचकाराची रक्कम त्याने रोख दिलेली नाही, नोकरीची वर्षं दिली आहेत. सारांशात जिथे जिथे 'शेअर' लिहिलंय तिथे 'ऑप्शन' करा. वर कराचा मुद्दा आलाय, त्याची गडबडही ह्याच शब्दातून झाली आहे.

दुसरी गोष्ट तारखेची. तुम्ही 3 फेब्रुवारी 2026 लिहिलंय, ते होऊ शकत नाही. कंपनी कायद्याखाली 2014 चे शेअर भांडवलाचे नियम आहेत. त्यातला नियम 12 सांगतो की ऑप्शन देणं आणि व्हेस्ट होणं यात किमान एक वर्ष गेलं पाहिजे. वर्ष मोजायचं ग्रँटच्या तारखेपासून, नोकरीला लागल्यापासून नाही. ग्रँट 12 मे 2025 ची आहे, म्हणजे 12 मे 2026 च्या आधी एकही ऑप्शन व्हेस्ट होणार नाही. फेब्रुवारीत लागलेल्या माणसाला मे महिन्यात पत्र येणं नेहमीचं आहे, कारण बोर्डाची किंवा समितीची बैठक होईपर्यंत ग्रँट होत नाही. पण ह्या तीन महिन्यांच्या फरकात बरेच नवे लोक फसतात. वर्ष झालं असं समजून फेब्रुवारी-मार्चमध्येच राजीनामा देतात आणि हाती काहीच उरत नाही.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पत्रात व्हेस्टिंग कुठल्या तारखेपासून मोजायचं लिहिलंय? योजनेत पुढच्या पानांवर व्याख्या असतात, तिथे 'नोकरी संपण्याची तारीख' म्हणजे काय लिहिलंय? आणि पत्र सही करून परत देण्याची मुदत किती? तिसरी आधी बघा.

मलप्रभाकाठ · 2 जून, रात्री 8.50

मॅडम, तिसरी गोष्ट बघितली आणि घाबरले. चौथ्या पानावर, सहीच्या वर: पत्राच्या तारखेपासून 30 दिवसांत सही करून न दिल्यास ग्रँट रद्द समजली जाईल. म्हणजे 11 जून. भावाला हे माहीतच नव्हतं, आणि माझ्याही सारांशात नव्हतं.

व्हेस्टिंगबद्दल दोन जागी दोन वाक्यं सापडली. पत्रात आहे की व्हेस्टिंग नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजायचं, मात्र कायद्याने ठरलेला किमान काळ पाळून. योजनेत आहे की समिती वेगळं ठरवत नसेल तर ग्रँटच्या तारखेपासून मोजायचं. आणि पत्राच्या शेवटी असंही आहे की पत्र आणि योजनेत विरोध आला तर योजना खरी.

नोकरी संपण्याची तारीख: राजीनाम्याची नोटीस दिल्याची तारीख किंवा कामाचा शेवटचा दिवस, यातली समिती ठरवेल ती.

हे असं मोघम का लिहितात?

खडेबाजार · 2 जून, रात्री 11.10

हेच मी सांगालोय सगळ्यांना. माझं ऐका. पुण्यातल्या एका कंपनीत होतो, नाव नको. 2022 मध्ये सोडली तेव्हा 1,100 ऑप्शन व्हेस्ट झालेले, 40 रुपयांनी. 44 हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. मुदत 90 दिवसांची. शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद झाला आणि ऑप्शनच्या पोर्टलचं लॉगिन त्याच मेलवर. नवीन लॉगिन मिळवण्यात दीड महिना गेला. सत्तराव्या दिवशी अर्ज केला तर उत्तर आलं, आधी कराचे पैसे जमा करा. ती रक्कम दीड लाखाच्या वर. मी त्यावेळी दोन नोकऱ्यांच्या मधे बेळगावात घरी बसलेला. सोसायटीत कर्जाला अर्ज केला, जामीनदार दोन शोधले, संचालकांची बैठक होऊन कर्ज मंजूर झालं त्याच्या चार दिवस आधी मुदत संपली. चार वर्षांचं सगळं गेलं.

ताई, सारांशात 120 रुपये लिहून थांबू नका. कराचे पैसे किती लागतील ते लिहा. आणि भावाला आजच्या आज पोर्टलवर घरचा मेल आणि मोबाईल घालायला सांगा.

टिळकवाडी 74 · 3 जून, सकाळी 6.50

वाचून वाईट वाटलं. पण मी वर लिहिलंच होतं, स्टार्टअपला कर पुढे ढकलायची सवलत आहे. तुमच्या कंपनीने ती सांगितली नसेल.

वेदगंगा · 3 जून, दुपारी 2.05

टिळकवाडी काका, तुमच्या मुलीला मिळतात ते शेअर असतात, व्हेस्ट झाले की थेट खात्यात येतात. म्हणून तिचा कर त्या दिवशी. इथे ऑप्शन आहेत. व्हेस्ट झाल्या दिवशी काहीच कर नाही. कर येतो पैसे भरून शेअर घेतल्यावर. त्या दिवशीचा शेअरचा भाव वजा भरलेली किंमत, एवढी रक्कम पगाराचा भाग धरतात आणि कंपनी त्यावर कर कापते. शेअर हातात आलेत, पैसा आलेला नाही, तरी कर रोखीने.

पुढे ढकलायची सवलत खरी आहे, पण दोन अटी लक्षात ठेवा. सरकारी नोंदणी असलेल्या प्रत्येक स्टार्टअपला ती नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते फार थोड्या कंपन्यांकडे असतं. दुसरं म्हणजे नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते. मग 14 दिवसांत कर वसूल करावा लागतो. म्हणजे ज्याला पैशाची सगळ्यात जास्त अडचण असते, त्या सोडून जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. खडेबाजार यांच्या बाबतीत सवलत असती तरी तेच झालं असतं.

ताई, आता तुमच्या भावाचंच उदाहरण करून बघू. समजा तो 1 सप्टेंबर 2026 ला राजीनामा देतो आणि दोन महिने नोटीस भरून 31 ऑक्टोबरला बाहेर पडतो.

रुजू झाल्यापासून मोजलं तर 12 मे 2026 ला 600 आणि मार्च, एप्रिल, मेचे 150 असे 750 एकदम व्हेस्ट होतील. पुढे दर महिन्याच्या 3 तारखेला 50. राजीनाम्याच्या दिवशी 900 होतात, शेवटच्या दिवशी 1,000. ग्रँटपासून मोजलं तर 12 मे ला फक्त 600. राजीनाम्याच्या दिवशी 750 आणि शेवटच्या दिवशी 850. तोच माणूस, तेच काम, आणि आकडा 750 ते 1,000 यांमधला कुठलाही. दोन व्याख्यांमुळे एवढा फरक पडतो.

90 दिवसांचंही तसंच. 31 ऑक्टोबरपासून मोजले तर 29 जानेवारी 2027 पर्यंत वेळ आहे. 1 सप्टेंबरपासून मोजले तर 30 नोव्हेंबरलाच मुदत संपते, म्हणजे नोकरी सुटल्यावर हातात उरतो एक महिना.

आता पैसे. 1,000 ऑप्शन धरा. 120 ने एक लाख वीस हजार कंपनीला. करासाठी कुठला भाव धरतात? गुंतवणूकदाराचे 900 नाहीत. गुंतवणूकदार सहसा अग्रहक्काचे शेअर घेतात, कंपनी विकली तर त्यांचे पैसे आधी निघतात. भावाला मिळणार ते साधे शेअर. शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या कंपनीत कराकरता मर्चंट बँकरने काढलेलं मूल्य चालतं, आणि ते शेअर घेण्याच्या तारखेआधी 180 दिवसांच्या आतलं असावं लागतं. ते मूल्य भावाने कंपनीच्या अकाउंट्सला विचारावं. 21 लाख 60 हजार हा आकडा दोन्ही बाजूंनी चुकलाय. भाव 900 चा धरलाय, आणि द्यायचे 120 वजा केलेले नाहीत.

मलप्रभाकाठ · 3 जून, रात्री 9.30

विचारलं. शेवटचं मूल्यांकन 480 रुपयांचं आहे म्हणे. मी करून बघते, चुकलं तर सांगा. 480 वजा 120, म्हणजे 360. एक हजारावर 3 लाख 60 हजार पगारात धरणार. त्याचं करपात्र उत्पन्न साधारण 16 लाख आहे आणि नवी कररचना घेतली आहे. 16 ते 20 लाखांच्या टप्प्याला 20 टक्के, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 20.8 टक्के. कर 74,880. त्यात 1,20,000 मिळवले की 1,94,880 रुपये.

म्हणजे नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांच्या आत जवळजवळ दोन लाख रोख भरायचे, आणि हातात येणार ते लगेच विकता न येणारे शेअर. बाबांना हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे आधी त्याला सांग."

वेदगंगा · 3 जून, रात्री 10.00

हिशेब बरोबर आहे. फक्त 480 आजचे आहेत, 2026 च्या शेवटी मूल्य वेगळं असेल. सारांशात '480 धरल्यास' असं स्पष्ट लिहा. त्याचं उत्पन्न वाढलं तर टप्पाही बदलेल.

आणि प्रत्येक ओळीपुढे पत्राचा किंवा योजनेचा कलम क्रमांक टाका. जी गोष्ट सापडत नाही तिथे 'पत्रात नाही' असं लिहा, इंटरनेटवरचं सर्वसाधारण उत्तर भरू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भांडणांत माणसाने दुसऱ्याच कंपनीचा नियम आपला समजलेला असतो.

सोडण्याच्या कलमात आणखी एक बघा. गैरवर्तनामुळे काढलं तर काय होतं, आणि गैरवर्तनात काय काय मोजलंय?

मलप्रभाकाठ · 4 जून, सकाळी 8.15

कलम 11 मध्ये आहे. गैरवर्तनामुळे काढलं तर व्हेस्ट झालेलेसुद्धा रद्द. यादीत अफरातफर आणि गोपनीयतेचा भंग आहे, ते समजलं. पण तिसरं बघा: ठरलेली नोटीस न भरता निघून जाणे. भाऊ आधीच्या कंपनीत 15 दिवस आधीच निघाला होता, नव्या कंपनीने नोटिशीचे पैसे भरले होते. इथे तसं केलं तर?

वेदगंगा · 4 जून, दुपारी 1.40

नोटिशीचे पैसे भरून सोडणं आणि न सांगता निघून जाणं यात फरक आहे, पण तुमच्या कलमाच्या शब्दांत तो दिसत नाही. म्हणून लवकर निघायचं झालं तर कंपनीची लेखी संमती घेतल्याशिवाय निघू नये. सारांशात ही ओळ ठळक हवी. नव्या मुलांना ही सगळ्यात कमी माहीत असते आणि नेमकी तीच त्यांच्याकडून घडते.

चिकोडीचा बाळासाहेब · 4 जून, संध्याकाळी 6.20

आता समजलं, मी वेगळ्याच ऑप्शनचं बोलालो होतो. पण मला एक सांगा मॅडम, आमच्या साखर कारखान्याचा शेअर बापाच्या नावावरनं पोराच्या नावावर होतोय. हे भावाचं ऑप्शन, उद्या त्याला काय झालं तर घरच्यांना मिळतंय काय? दोन वर्षांमागं बंगळूरच्या रस्त्यावर आमच्या गावचं एक पोरगं गेलं, त्याच्या आईला कंपनीकडनं काय येणं हाय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

वेदगंगा · 4 जून, रात्री 9.15

बाळासाहेब, बरं झालं विचारलंत, हे माझ्याही लक्षातून सुटलं होतं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्या दिवसापर्यंत दिलेले सगळे ऑप्शन वारसांच्या किंवा नॉमिनीच्या नावे व्हेस्ट होतात, न झालेलेसुद्धा. हे त्याच नियम 12 मध्ये आहे, कंपनीच्या मर्जीवर नाही. कायमचं अपंगत्व आलं तर सगळे ऑप्शन त्या दिवशी त्याच्याच नावे व्हेस्ट होतात. घरच्यांनाही 120 रुपये भरून आणि मुदतीतच ते घ्यावे लागतात. ती मुदत योजनेत बघा, राजीनाम्याच्या 90 दिवसांपेक्षा बहुधा जास्त असते. त्या आईने कंपनीला लेखी अर्ज करून ग्रँट लेटरची प्रत मागावी. उशीर झालाय, पण योजनेतली मुदत किती होती हे कळल्याशिवाय सोडू नये.

मलप्रभाकाठ · 4 जून, रात्री 9.50

आमच्या योजनेत मृत्यूनंतर 12 महिने आहेत. कलम 10.

खडेबाजार · 5 जून, सकाळी 9.05

एक विचारू? 90 दिवसांच्या जागी एक-दोन वर्षं द्या असं भावाला मागता येणार नाही काय? काही कंपन्या देतात म्हणून ऐकलंय.

टिळकवाडी 74 · 5 जून, सकाळी 9.40

मागावंच. नवीन माणसाने सुरुवातीलाच बोललेलं बरं. आणि नोकरी संपण्याच्या तारखेबद्दल एचआरकडून ईमेल घ्या, लेखी उत्तर कंपनीवर बंधनकारक असतं. बँकेत आम्ही ग्राहकाला लिहून दिलेलं पत्र कधी नाकारलं नाही.

वेदगंगा · 5 जून, दुपारी 3.30

मुदत काही कंपन्यांनी खरंच वाढवली आहे. पण ती योजनेत असते, एका माणसासाठी बदलणं एचआरच्या हातात नसतं. विचारायला हरकत नाही, मी भावाच्या जागी असते तर आधी तारखांचं स्पष्टीकरण मागितलं असतं.

ईमेलबद्दल काकांशी पूर्ण सहमत नाही. ईमेल असणं चांगलंच, पण ह्या योजनेत निर्णय समितीचा आहे आणि विरोध आला तर योजना खरी असं पत्रातच लिहिलंय. एचआरच्या कुणी 'साधारणपणे शेवटचा दिवस धरतो' असं लिहिलं तर समिती बांधली जाते का, यावर वाद होऊ शकतो. ग्रँट लेटरला समितीच्या सहीची पुरवणी जोडून मिळाली तर उत्तम.

मलप्रभाकाठ · रविवार, 8 जून, संध्याकाळी 7.25

भाऊ शुक्रवारी रात्रीच्या राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने आला होता, आत्ता परत गेला. दोन दिवस तिघं पत्र घेऊन बसलो होतो. एचआरचं उत्तर आलंय. व्हेस्टिंग रुजू झाल्यापासूनच मोजणार, समितीच्या ठरावात तसं आहे आणि ठरावाचा उतारा त्यांनी पाठवलाय. म्हणजे 12 मे 2026 ला 750, पुढे दर 3 तारखेला 50, शेवटचे 3 फेब्रुवारी 2029 ला. मुदत वाढवायला नाही म्हणाले. नोकरी संपण्याच्या तारखेबद्दल मॅडमनी लिहिलं तसंच झालं, "आजवर शेवटचा कामाचा दिवस धरला आहे" एवढंच ईमेलमध्ये. पुरवणी द्यायला तयार नाहीत. काका म्हणतात पुरेसं आहे, मॅडम म्हणतात नाही. म्हणून मी सारांशात दोन्ही आकडे ठेवलेत.

सोडण्याचा भाग आता असा लिहिलाय:

"राजीनामा दिला तर त्या तारखेपर्यंत व्हेस्ट न झालेले ऑप्शन रद्द (कलम 9). ती तारीख कुठली हे समिती ठरवते (कलम 2). ईमेलप्रमाणे शेवटचा कामाचा दिवस, पण योजनेत तसं पक्कं नाही. म्हणून हिशेब राजीनाम्याच्या दिवसाचा धरावा, जास्त मिळाले तर मिळाले. व्हेस्ट झालेले घ्यायचे तर त्याच तारखेपासून 90 दिवसांत अर्ज आणि पैसे दोन्ही पोचले पाहिजेत, नुसता अर्ज नाही. पैसे म्हणजे प्रत्येकी 120 आणि वर कर. 1,000 ऑप्शन आणि 480 चा भाव धरल्यास दोन्ही मिळून 1,94,880. नोटीस पूर्ण न भरता, लेखी संमतीशिवाय निघाल्यास सगळेच रद्द होऊ शकतात (कलम 11). घेतलेले शेअर कंपनीला आधी विचारल्याशिवाय विकता येत नाहीत (कलम 14). कंपनीने ते परत विकत घ्यावेत असं बंधन पत्रात नाही."

शेवटची ओळ बाबांच्या सोसायटीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी ती दोनदा वाचली. प्लॉटचा संचकार पुढे ढकललाय, पगारातून किती बाजूला पडतात ते वर्षभर बघून मग ठरवणार. पोर्टलवर घरचा मेल घातला.

पत्रावर सही आज माझ्यासमोर केली, उद्या तो ऑफिसात देऊन पोच घेईल. नॉमिनीचा फॉर्म मात्र पत्रासोबत नव्हता, तो मागवलाय. आला की कळवते.

खडेबाजार · 8 जून, रात्री 8.40

पोच पीडीएफमध्ये घ्यायला सांगा आणि घरच्या मेलवर ठेवा. ऑफिसच्या मेलवर नको.

चिकोडीचा बाळासाहेब · 8 जून, रात्री 9.10

मॅडम, त्या पोराच्या आईशी आज बोललो. घरात एक पाकीट हाय म्हणाली, इंग्रजीत. उद्या जाऊन बघून येतो. तारीख आणि मुदत काय लिहिली हाय ते इथं टाकतो, तुम्ही वाचून सांगा.